वर्कशीटच्या फोटोवरून आकृतीला नावं देताना तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा का चुकतात?

मुलाच्या जीवशास्त्राच्या वर्कशीटचा फोटो मोबाइलवर येतो. आकृती फुलाची किंवा पेशीची असते, तिच्यातून आठ-दहा रेषा निघालेल्या असतात आणि रेषांच्या टोकाला रिकाम्या जागा. नावं भरली जातात, बहुतेक बरोबरही येतात, पण दोन-तीन चुकतात. पुढच्या वर्कशीटला पुन्हा त्याच जोड्या चुकतात. पेशीत पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल, केंद्रक आणि केंद्रकी. फुलात अंडाशय आणि बीजांड, परागकोष आणि पुंकेसर, जास्वंद असेल तर कुक्षीवृंत आणि त्याभोवतीची पुंकेसर नलिका.

या जोड्यांमध्ये एक साम्य आहे. प्रत्येक जोडीतला एक भाग दुसऱ्याच्या पोटात असतो किंवा त्याला अगदी खेटून असतो. पाकळीवर आलेली रेषा दोन मिलिमीटर इकडेतिकडे दिसली तरी उत्तर पाकळीच राहतं. बीजांडाच्या बाबतीत रेषा अर्धा मिलिमीटर सरकली की उत्तर अंडाशय होतं. म्हणून मुलाला धडा येत नाही असं ठरवण्याआधी फोटोत रेषेचं टोक खरंच दिसतंय का, हे तपासायला हवं. बऱ्याचदा ते दिसतच नसतं आणि आपण अंदाजाने नाव देत असतो.

टोक कुठे हरवतं

थोडा हिशेब करू. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. पूर्ण पान एका फोटोत घेतलं आणि पाठवताना ॲपने तो फोटो आकसून लांब बाजू १६०० पिक्सेलची केली, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम साडेपाच पिक्सेल येतात. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल यांच्या रेषांमध्ये छापताना अर्धा मिलिमीटर अंतर ठेवलेलं असेल, तर फोटोत ते पावणेतीन पिक्सेल उरतं. कागद किंचित हलला किंवा प्रकाश कमी पडला, की दोन रेषांची एकच जाड रेषा होते. मग बाहेरून आलेली रेषा त्यातल्या कोणत्या रेषेवर थांबते, हे कितीही मोठं करून पाहिलं तरी कळणार नाही. ती माहिती फोटोत उरलेलीच नसते.

आता तोच फोटो फक्त आकृतीचा, जवळून घ्या. आकृती रेषांसकट १२० मिलिमीटर उंचीची असेल आणि तिने फोटोची लांब बाजू भरली, तर त्याच १६०० पिक्सेलमध्ये एका मिलिमीटरला तेरा पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचं अंतर साडेसहा पिक्सेलचं होतं आणि दोन रेषा वेगळ्या दिसतात. मात्र हे फोटो काढतानाच करायचं. पूर्ण पानाचा आलेला फोटो नंतर कापला तर पिक्सेल वाढत नाहीत.

म्हणून नेहमी दोन फोटो मागवा. एक पूर्ण पानाचा, म्हणजे शीर्षक, सूचना आणि शब्दांची चौकट कळेल. दुसरा फक्त आकृतीचा, पण त्यात सगळ्या रेषा बाहेरच्या टोकापर्यंत यायला हव्यात. शक्य असेल तर हा दुसरा फोटो चॅटमध्ये चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडायला सांगा, तो आकसत नाही.

फोटो काढताना

कागद टेबलावर सपाट ठेवायचा. वहीच्या शिवणीजवळ चिकटवलेलं वर्कशीट फुगीर राहतं, आणि त्या बाजूच्या रेषा फोटोत वाकड्या येतात. वही पूर्ण उघडून दुसऱ्या बाजूवर एखादं जड पुस्तक ठेवलं की पान खाली बसतं. फोन कागदाला समांतर, साधारण वीत-दीड वीत उंचीवर. त्याहून फार जवळ नेला तर अनेक फोनचा फोकस बसत नाही आणि फोनचीच सावली नेमकी आकृतीवर पडते. सावली पडतच असेल तर फोन थोडा वर घेऊन दुप्पट झूम करणं बरं. फ्लॅश बंद ठेवा. त्याचा पांढरा डाग आकृतीच्या मधोमध पडतो आणि मध्यभागी नेमकं केंद्रक किंवा अंडाशय असतं.

दोन चुका विशेष त्रास देतात, त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

पहिली, स्कॅन करणाऱ्या ॲपमधला काळा-पांढरा फिल्टर. मजकुरासाठी तो छान आहे, आकृतीसाठी घातक. तो प्रत्येक ठिपक्याला एकतर पूर्ण काळा करतो नाहीतर पूर्ण पांढरा. फिकट रेषा गायब होतात, पेशीद्रव्य दाखवणारे बारीक ठिपके पुसले जातात आणि उलट लहान बंद आकार काळ्याने भरून जातात. केंद्रकाच्या आतली केंद्रकी अशीच दिसेनाशी होते. अख्खं केंद्रकच काळा गोळा बनतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावरही असंच होतं. फोटो रंगीत किंवा करड्या छटांमध्येच ठेवा.

दुसरी, पातळ कागदाच्या मागची छपाई. मागच्या पानावरचा तक्ता किंवा ओळी पुढे उमटतात आणि फोटोत त्या आणखी एका रेषेसारख्या दिसतात. वर्कशीटखाली काळा किंवा गडद रंगाचा कागद ठेवला की हा आभास बराच कमी होतो. पांढरा कागद ठेवून उपयोग नाही, कारण तो प्रकाश परत वर पाठवतो.

रेषा कशी वाचायची

आधी रिकाम्या जागांना क्रमांक द्या. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने. नंतर एकेक रेषा बाहेरून आत बोटाने धरत जा आणि ती कशावर *संपते* ते पाहा. रेषा वाटेत काय ओलांडते याला महत्त्व नाही. परागकोषाकडे जाणारी रेषा पाकळीवरून जाणारच, केंद्रकाकडची रेषा पेशीभित्तिका ओलांडणारच. घाईत आपण ती पहिल्यांदा ज्या भागाला शिवते त्याचं नाव देतो, आणि आतले भाग चुकण्याचं हे फार मोठं कारण आहे.

टोकाला बाण किंवा ठिपका असेल तर काम सोपं. नुसती रेषा असेल आणि ती छायेत शिरून दिसेनाशी झाली असेल, तर रेषा सरळ असते याचा फायदा घ्या. दिसणाऱ्या तुकड्यावर पट्टी ठेवून तीच दिशा पुढे वाढवा. त्या वाटेवर येणारे भागच उमेदवार. सहसा दोन किंवा तीन निघतात, मग शब्दांच्या चौकटीतून उरलेलं नाव ठरवता येतं.

महिरपी कंस दिसला तर थांबा. कंसाने दोन-तीन भाग एकत्र बांधलेले असतील तर उत्तर त्या सगळ्यांच्या एकत्रित नावाचं असतं. परागकोष आणि त्याचा तंतू दोन्ही कंसात असतील तर पुंकेसर. कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय कंसात असतील तर स्त्रीकेसर. फोटोची कड कापली गेली तर पहिल्यांदा हे कंसच कापले जातात, कारण ते आकृतीच्या बाहेरच्या बाजूला असतात. चौकटीत ‘पुंकेसर’ आणि ‘परागकोष’ दोन्ही शब्द आहेत आणि कंस मात्र कुठेच दिसत नाही, असं झालं तर फोटो अपुरा असण्याची शक्यता जास्त. पुन्हा मागवा.

आणि तरीही एखादं टोक ठरत नसेल, तर मुलाला सांगा की सुईचं किंवा टोकदार पेन्सिलचं टोक कागदावर नेमकं रेषा संपते तिथे टेकव आणि त्या अवस्थेत एक फोटो काढ. कागदावर डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत आणण्याची याहून सोपी रीत नाही.

एक आकृती पूर्ण सोडवून: जास्वंदाचा उभा छेद

आपल्याकडे फुलाचे भाग शिकवायला जास्वंद घेतात, कारण अंगणात मिळतं आणि सगळे भाग मोठे असतात. पण याच फुलात एक अडचण आहे. पुस्तकातल्या नमुन्याच्या फुलात पुंकेसर सुटे, मधल्या स्त्रीकेसराभोवती उभे असतात. जास्वंदात त्यांचे तंतू एकमेकांना जोडून एक लांब नळी बनते आणि कुक्षीवृंत त्या नळीच्या आतून वर जातो. म्हणजे फुलातून बाहेर डोकावणारा तो लांब दांडा बाहेरून पुंकेसरांचा असतो. न कापलेल्या फुलाच्या चित्रात त्या दांड्यावर रेषा आली तर उत्तर पुंकेसर नलिका. तिथे कुक्षीवृंत लिहिलेलं आढळतं, आणि ही जास्वंदातली नेहमीची चूक आहे.

समजा वर्कशीटवर उभा छेद आहे, नऊ रेषा आहेत आणि चौकटीत हे शब्द आहेत: निदल, पाकळी, पुष्पाधार, अंडाशय, बीजांड, कुक्षीवृंत, कुक्षी, परागकोष, पुंकेसर नलिका. खालून वर जाऊ.

देठाचं वरचं किंचित रुंद झालेलं टोक, ज्यावर बाकी सगळं बसलं आहे, तो पुष्पाधार. त्याच्या लगेच वर हिरव्या रंगाची दोन वर्तुळं असतात, एक नव्हे. बाहेरचं वर्तुळ अरुंद, सुट्या, पात्यासारख्या भागांचं. त्याला अपिसंवर्त म्हणतात आणि शाळेच्या वर्कशीटमध्ये बहुधा त्याला नाव विचारत नाहीत. आतलं वर्तुळ निदलांचं. ते खाली जोडलेलं, पेल्यासारखं, वर पाच दातांचं. या चौकटीत अपिसंवर्त नाही, तेव्हा या भागातली रेषा त्या पेल्यावरच संपत असणार. फोटोत ती बाहेरच्या पात्यावर थांबल्यासारखी वाटली तरी उत्तर निदलच.

पाकळी सांगायला नको.

आता मधला भाग. नळीच्या अगदी तळाशी, निदलांच्या पेल्यात दडलेला फुगीर भाग म्हणजे अंडाशय, आणि त्याच्या आत दिसणारे मण्यांसारखे दाणे म्हणजे बीजांडं. इथे दोन रेषा जवळजवळ समांतर येतात. एक फुगीर भागाच्या भिंतीवर थांबते, दुसरी आत शिरून एखाद्या दाण्याला टेकते. दोन्ही रेषा शेजारी ठेवून कोणती जास्त आत जाते एवढंच पाहायचं. एकेकटी पाहिली तर फसगत होते, जोडीने पाहिली तर सहसा होत नाही.

तिथून वर छेदात तीन उभ्या गोष्टी दिसतात: नळीची एक भिंत, मधोमध धाग्यासारखा कुक्षीवृंत, आणि नळीची दुसरी भिंत. उजवीकडून आलेली रेषा पहिल्या भिंतीवर थांबली तर पुंकेसर नलिका, भिंत ओलांडून मधल्या धाग्याला टेकली तर कुक्षीवृंत. हे अंतर छापील आकृतीत बहुधा अर्धा-एक मिलिमीटर असतं. वर केलेला पिक्सेलचा हिशेब सगळ्यात जास्त इथे लागू पडतो.

शेंड्याकडे पुन्हा एक घोळ. परागकोष आणि कुक्षी दोन्ही काळ्या-पांढऱ्या चित्रात सारखेच दिसतात, बारीक काडीवर गोल डोकं. जागा आणि संख्या पाहा. परागकोष पुष्कळ असतात आणि नळीच्या वरच्या भागावर सगळ्या बाजूंनी आखूड तंतूंवर उगवलेले असतात. कुक्षी पाचच, नळीच्या तोंडातून बाहेर पडलेल्या पाच फांद्यांच्या टोकांना, सगळ्यात उंच. छेदात पाचपैकी दोन-तीनच दाखवलेल्या असू शकतात, पण जागा तीच राहते.

शंका उरली तर खरं फूल घ्या. पाच पाकळ्यांचं एकेरी हवं. गेंदेदार जास्वंदात पुंकेसरांचं रूपांतर पाकळ्यांसारख्या भागांत झालेलं असतं, ते या कामाला चालत नाही. पाकळ्या काढा, टाचणीने नळीला तळापासून वर अलगद उभी चीर द्या. नळी उघडली की आतला पांढरट-लालसर धागा सुटा होतो, आणि तो खाली थेट अंडाशयाला जोडलेला दिसतो. अंडाशय आडवा कापला तर पाच कप्पे मोजता येतात. हे एकदा पाहिलेलं मूल दांड्याला कुक्षीवृंत म्हणत नाही.

पेशीच्या आकृतीत

शीर्षक कापलं गेलं असेल तर आधी पेशी वनस्पतीची की प्राण्याची हे ठरवा. नुसत्या चौकोनी-गोल आकारावर जाऊ नका. कडेला दुहेरी रेषा, मधली मोठी रिकामी जागा आणि हरितलवकं हे एकत्र दिसलं तर वनस्पतीची. वनस्पती पेशीत ती मोठी रिकामी जागा रिक्तिका असते आणि केंद्रक एका बाजूला सरकलेलं असतं. मध्यभागी आहे आणि मोठं आहे म्हणून रिक्तिकेलाच केंद्रक लिहिण्याची चूक फिकट झेरॉक्समध्ये हमखास होते. केंद्रकाच्या आत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रकी असते; रिक्तिका आतून कोरी असते.

कडेवर दोन रेषा आल्या आणि चौकटीत पेशीभित्तिका व प्रद्रव्यपटल दोन्ही असतील, तर बाहेरच्या थराला टेकणारी पेशीभित्तिका. कडेवर एकच रेषा असेल आणि पेशी प्राण्याची असेल तर प्रद्रव्यपटल, कारण तिथे पेशीभित्तिका नसतेच.

तंतुकणिका आणि हरितलवक दोन्ही लांबट, दुहेरी कडेचे. फरक आतल्या नक्षीत आहे. तंतुकणिकेत आतल्या पडद्याच्या घड्या कडेपासून आत येतात, नागमोडी. हरितलवकात चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, नाण्यांच्या चळतीसारख्या. फोटोत आतली नक्षी पुसली गेली असेल तर फक्त आकारावरून ठरवू नका, जवळचा फोटो मागवा. गॉल्गी संकुल आणि आंतर्द्रव्यजालिका यांत जालिका केंद्रकाच्या आवरणाला जोडलेली असते. गॉल्गीच्या वाकलेल्या पिशव्यांची चळत सुटी असते आणि तिच्या कडांना छोटे गोल फुगे सुटताना दाखवतात.

सूक्ष्मदर्शकातला फोटो असेल तर

काही वर्कशीटमध्ये रेखाटन नसतं, कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोगशाळेतला फोटो असतो. इथे पुस्तकातली सगळी नावं शोधत बसू नये. आयोडीन घातल्यावर केंद्रक पिवळसर-तपकिरी ठिपक्यासारखं दिसतं, पेशीभित्तिका स्पष्ट दिसतात, कडेला पेशीद्रव्याचा पातळ थर कळतो आणि उरलेली मोठी जागा रिक्तिकेची. प्रद्रव्यपटल भित्तिकेला चिकटलेलं असल्याने वेगळं दिसत नाही. हरितलवकं कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात नसतात. आंतर्द्रव्यजालिका शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही.

आणि जाड काळ्या कडेचं, आत चकाकणारं गोल वर्तुळ दिसलं, एखादं तर दोन पेशींच्या भिंतीवर आडवं पसरलेलं, तर तो आच्छादन काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा आहे. त्याला केंद्रक लिहू नये. केंद्रकाला अशी काळी चकचकीत कड नसते आणि ते कधीच दोन पेशींवर पसरत नाही.

नावं परत पाठवताना

फोटोवर बोटाने गिरवून लिहू नका. अक्षरं टोकांवर बसतात आणि कागदावर उतरवताना मूल पुन्हा चुकतं. क्रमांक लावलेला फोटो आणि त्याखाली क्रमांकवार यादी पाठवा. यादी करण्याआधी एक विचारून घ्या: मूल मराठी माध्यमात आहे की सेमी-इंग्रजीत. सेमीच्या मुलाला स्टिग्मा, स्टाईल, ओव्हरी हेच शब्द लागतात, आणि आईबाबांनी हौसेने दिलेलं ‘कुक्षीवृंत’ त्याच्या उपयोगाचं नसतं. मराठी माध्यमातही जुन्या पुस्तकांत आणि कोशांत अंडाशयाला किंजपुट, पुंकेसराला केसरदल म्हटलेलं आढळतं. शब्द बरोबर आहेत, पण रिकाम्या जागेत मुलाच्या पाठ्यपुस्तकातलाच शब्द लिहा. शब्दांची चौकट दिलेली असेल तर तिच्यातला, त्याच शुद्धलेखनासह.